बाण कोणाकडे वळतो?

फळ्यावर दोन चौकोन काढावेत. डाव्यात लिहावे ‘वेब पोर्टल’, उजव्यात ‘ग्राहक नोंद’. मध्ये डावीकडून उजवीकडे एक बाण ओढावा आणि कंपनीतल्या तीन माणसांना विचारावे, याचा अर्थ काय?

प्रोग्रॅमर म्हणेल, पोर्टल ग्राहक नोंदीला कॉल करते, म्हणजे नोंद बंद पडली की पोर्टलही अडकले. काउंटरवर बसणारी कर्मचारी म्हणेल, ग्राहकाने पोर्टलवर भरलेली माहिती नोंदीत जाऊन पडते. शाखाप्रमुख म्हणेल, आधी पोर्टलचे काम होते, मग नोंदीचे. तिघांचेही वाचन चुकीचे नाही, कारण त्या बाणाला अर्थच कोणी दिलेला नव्हता. गंमत अशी, की तिघेही मान डोलावून बैठकीतून उठतात आणि आपण तीन वेगळ्या गोष्टींना होकार दिला हे कोणाच्याच लक्षात येत नाही. ते लक्षात येते पुढे कधीतरी, एखाद्या शनिवारी रात्री जुनी ‘ग्राहक नोंद’ बंद करून नवी सुरू करतात आणि सोमवारी सकाळी भलतेच काहीतरी बंद पडलेले सापडते तेव्हा.

मोठ्या बँकेत किंवा विमा कंपनीत अशा सिस्टिम्स शेकड्यांनी असतात. काही विकत घेतलेल्या, काही घरी बनवलेल्या, काही दुसरी कंपनी विकत घेतली तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या. या सगळ्या पसाऱ्याला आयटीवाले ‘अ‍ॅप्लिकेशन लँडस्केप’ म्हणतात. त्याचा नकाशा बहुतेक ठिकाणी असतो, पण पॉवरपॉइंटमध्ये, आणि प्रत्येक विभागाचा वेगळा. एकात सर्व्हरचे चित्र दंडगोल, दुसऱ्यात ढग, तिसऱ्यात नुसताच चौकोन. नकाशाच्या कोपऱ्यात रेल्वेमार्ग, नदी, जिल्ह्याची हद्द यांच्या खुणांची सूची असते. तशी सूची या चित्रांना नसते.

नेदरलँड्समध्ये जुलै २००२ मध्ये या दुखण्यावर एक प्रकल्प सुरू झाला. एन्स्खेडे शहरातली टेलिमॅटिका इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था त्यात पुढे होती आणि मार्क लँकहोर्स्ट प्रकल्पाचे नेतृत्व करत होते. सोबतीला विद्यापीठे होती, पण त्यांच्यापेक्षा लक्षात घ्यावीत अशी नावे आहेत एबीएन अ‍ॅम्रो ही बँक, सरकारी आणि शिक्षण क्षेत्रातल्या नोकरदारांचा एबीपी हा पेन्शन फंड आणि त्या देशाचे करखाते. बँक, पेन्शन आणि कर: तिन्हीकडे जुन्या सिस्टिम्सचा ढीग आणि चुकीला माफी नाही. २००४ च्या अखेरीस प्रकल्प संपला तेव्हा हाती आली ती आकृत्यांची एक भाषा. तिचे नाव आर्किमेट. पुढे ती ‘द ओपन ग्रुप’ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेकडे गेली. २००९ मध्ये तिचे पहिले अधिकृत मानक निघाले, २०१६ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि २०२२ मध्ये ३.२.

भाषा हा शब्द इथे नुसता अलंकार नाही. आर्किमेटच्या रचनाकारांनी चौकटींचे प्रकार पाडताना खरोखरच वाक्याचा आधार घेतला. मराठी शाळेत शिकलेल्याला हे सांगायला फार वेळ लागत नाही: कर्ता, कर्म, क्रियापद. काम करणारा तो कर्ता, मग तो माणूस असो, विभाग असो की संगणकातली सिस्टिम. जे काम चालते ती क्रिया: पॉलिसी देणे, दावा तपासणे, हप्ता वसूल करणे. ज्यावर ते काम घडते ते कर्म: पॉलिसी, दाव्याचा अर्ज, ग्राहकाची माहिती. हीच विभागणी तीन मजल्यांवर पुन्हा येते. वरच्या मजल्यावर माणसांचा कारभार, मधल्यावर अ‍ॅप्लिकेशन्स, खालच्यावर सर्व्हर आणि नेटवर्क.

कर्त्याच्या आणि कर्माच्या चौकटींचे कोपरे काटकोनी असतात, क्रियेच्या चौकटींचे गोलसर. अक्षरे न वाचताही कळते, की समोर वस्तू आहे की काम. मजले ओळखण्यासाठी बहुतेक जण रंग वापरतात: कारभार पिवळा, अ‍ॅप्लिकेशन निळे, तंत्रसामग्री हिरवी. हे रंग इतके रूढ झाले आहेत की अनेकांना तो नियमच वाटतो. प्रत्यक्षात मानकाने रंगाला काहीच अर्थ दिलेला नाही. हवे तर चौकटीच्या कोपऱ्यात बी, ए, टी अशी अक्षरे टाकून मजला दाखवता येतो. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर ज्यांना ही चित्रे वाचावी लागतात आणि ज्यांना पिवळ्या-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

चौकटींचे प्रकार साठाच्या आसपास आहेत आणि रेषांचे अकरा. एवढी यादी पाहून दडपण येते खरे, पण अ‍ॅप्लिकेशन्सचा नकाशा काढायला सात-आठ चौकटी आणि चार रेषा पुरतात. खरी मेख त्या चार रेषांत आहे.

त्या समजून घ्यायला या क्षेत्रातल्या सगळ्यांच्या ओळखीची एक कंपनी आहे: आर्किशुअरन्स. ती अस्तित्वात नाही. आर्किमेट शिकवण्यासाठी रचलेली ही काल्पनिक विमा कंपनी आहे आणि तिचा सविस्तर नमुना ओपन ग्रुपनेच प्रकाशित केला आहे. तीन कंपन्या एकत्र येऊन ती झाली. होम अँड अवे ही घराचा आणि प्रवासाचा विमा विकणारी, प्रो-फिट ही मोटारीचा आणि लीगली युअर्स ही कोर्टकचेरीच्या खर्चाचा. विलीनीकरणानंतर ग्राहकाशी बोलणारा दर्शनी विभाग एकच झाला, पण त्याच्यामागे तिन्ही कंपन्यांची कामकाजाची दालने जशीच्या तशी राहिली. आपल्याकडे २०१९ मध्ये देना आणि विजया या दोन बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या तेव्हा ज्यांचे आयएफएससी कोड बदलले, त्यांना पाटी एक होणे आणि आतली यंत्रणा एक होणे यांतला फरक समजावून सांगायला नको.

आर्किशुअरन्सच्या मधल्या मजल्यावर, म्हणजे निळ्या पट्ट्यात, नऊ सिस्टिम्स आहेत. दर्शनी भागात वेब पोर्टल, कॉल सेंटरची सिस्टिम आणि ग्राहकांची माहिती सांभाळणारी सीआरएम. मागे होम अँड अवेची पॉलिसी सिस्टिम आणि आर्थिक व्यवहारांची सिस्टिम, मोटार विम्याची एक, कायदेशीर मदतीची बॅक ऑफिस सिस्टिम. शिवाय कायदेशीर मदतवाल्यांची स्वतःची निराळी सीआरएम. आणि सगळ्यांची कागदपत्रे ठेवणारी एक. नवव्या चौकटीपर्यंत वाद होत नाही. वाद सुरू होतो पहिली रेषा ओढताना.

सर्वांत जास्त वापरली जाणारी रेषा म्हणजे ‘सर्व्हिंग’: अखंड रेषा, टोकाला उघडा बाण. तिचा अर्थ, सेवा देणारा सेवा घेणाऱ्याकडे बोट दाखवतो. सीआरएमच्या मदतीने कर्मचारी ‘पत्ताबदल नोंदवणे’ हे काम करत असेल, तर बाण सीआरएमपासून निघून त्या कामाकडे जातो. इथे प्रोग्रॅमर हमखास अडखळतो. त्याच्या सवयीच्या चित्रांत बाण उलटा असतो, कारण तिथे जो अवलंबून आहे तो ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच्याकडे बोट दाखवतो. दोन्ही पद्धतींत तर्क आहे. प्रश्न एवढाच, की एका कागदावर एकच पद्धत असली पाहिजे.

या रेषेचे नावही या गोंधळात सापडले होते. २०१६ पूर्वीच्या आवृत्त्यांत तिला ‘यूज्ड बाय’ म्हणत. म्हणजे ‘सीआरएम पत्ताबदलाच्या कामाकडून वापरली जाते’. वाक्य कर्मणि प्रयोगातले, त्यामुळे वाचताना बाणाचे शेपूट आणि टोक डोक्यात उलटेसुलटे होई. तिसऱ्या आवृत्तीत नाव बदलून ‘सर्व्हिंग’ केले गेले: ‘सीआरएम पत्ताबदलाच्या कामाला सेवा देते’. रेषेचा अर्थ तोच राहिला, बाणाची दिशा तीच राहिली; बदलला तो फक्त प्रयोग. कर्मणीचा कर्तरी झाला. व्याकरणाच्या तासाला हा बदल एका ओळीचा असतो, इथे त्यासाठी जागतिक मानकाची नवी आवृत्ती यावी लागली.

दुसरी रेषा ‘फ्लो’: तुटक रेषा, टोकाला भरीव बाण. ती सांगते की इथून तिथे काहीतरी जाते, आणि काय जाते ते रेषेवर लिहायचे असते. आता सुरुवातीच्या फळ्याकडे परत जावे. ग्राहक पोर्टलवर नवा पत्ता भरतो, तो ग्राहक नोंदीत जातो. तुटक बाण पोर्टलकडून नोंदीकडे. पण पोर्टलला सेवा देते ती नोंद, म्हणून अखंड बाण नोंदीकडून पोर्टलकडे. त्याच दोन चौकोनांमध्ये दोन बाण, एकमेकांच्या उलट दिशेने आणि दोन्ही बरोबर! प्रोग्रॅमर आणि काउंटरवरची कर्मचारी यांचे भांडण कधी नव्हतेच. ते दोन वेगळी वाक्ये बोलत होते आणि कागदावर बाण एकच होता. शाखाप्रमुखाच्या ‘आधी हे, मग ते’ या अर्थासाठीही स्वतंत्र रेषा आहे, ‘ट्रिगरिंग’ नावाची. पण अ‍ॅप्लिकेशन्सच्या नकाशात तिचे काम क्वचित पडते.

आर्किमेटची चित्रे काढायला आर्ची नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. इंग्लंडमधल्या बोल्टन विद्यापीठात त्याचा जन्म झाला, २०१० पासून ते उपलब्ध आहे. त्यात काढलेली आकृती फाइलमध्ये कशी साठते ते पाहिले की ‘वाक्य’ म्हणजे काय ते डोळ्यांना दिसते:

```
<element xsi:type="archimate:ApplicationComponent"
   name="सीआरएम" id="id-101"/>
<element xsi:type="archimate:BusinessProcess"
   name="पत्ताबदल नोंदवणे" id="id-102"/>
<element xsi:type="archimate:ServingRelationship"
   id="id-201" source="id-101" target="id-102"/>
```

पहिली दोन वाक्ये नामांची, तिसरे त्यांना जोडणाऱ्या क्रियापदाचे. चौकट कागदावर डावीकडे आहे की उजवीकडे, मोठी आहे की छोटी, याचा इथे पत्ताच नाही. ती माहिती फाइलमध्ये निराळ्या जागी, आकृतीच्या खात्यात असते. पॉवरपॉइंटशी असलेला मूळ फरक तो हाच. तिथे चित्र हीच माहिती असते. इथे माहिती एकदा लिहायची आणि तिच्यावरून हवी तितकी चित्रे काढायची. सीआरएमचे नाव बदलले, तर ती ज्या बारा आकृत्यांत आहे त्या बाराही आकृत्यांत ते बदलते.

आता एक साधा प्रश्न सोडवून पाहू. तो आर्किशुअरन्सच्या प्रकाशित नमुन्यातला नाही. तिच्या सिस्टिम्स घेऊन इथे रचलेला आहे. एका ग्राहकाकडे घराचा विमाही आहे आणि कोर्टखर्चाचाही. त्याने घर बदलले, कॉल सेंटरला फोन करून नवा पत्ता दिला. महिनाभराने घरविम्याचे पत्र नव्या पत्त्यावर आले, कोर्टखर्चाच्या विम्याचे मात्र जुन्या. तक्रार आली. कामकाजवाले म्हणतात, ‘आम्ही पत्ता बदलला होता.’ आयटीवाले म्हणतात, ‘सिस्टिममध्ये काहीच बिघाड नाही.’ दोघेही खरे बोलत आहेत.

आकृतीत वरच्या पिवळ्या मजल्यावर ‘ग्राहक’ अशी एक चौकट येते. ही कर्माच्या जातीची चौकट आहे: कारभारी माणसाच्या मनातला ग्राहक, एक आणि अखंड. खाली निळ्या मजल्यावर डेटाच्या चौकटी येतात आणि तिथे एक ग्राहक दोन ठिकाणी निघतो. एक सीआरएममधली ग्राहकाची माहिती, दुसरी कायदेशीर मदतीच्या सीआरएममधली. खालच्या दोन्ही चौकटींतून वरच्या एका चौकटीकडे ठिपक्यांची रेषा जाते, टोकाला पोकळ त्रिकोण. ही ‘रियलायझेशन’: वरची कल्पना खाली प्रत्यक्षात कशात उतरली आहे, ते ती सांगते. पिवळ्या एका चौकटीखाली निळ्या दोन दिसल्या की निम्मी चर्चा संपते. कामकाजवाल्यांना पहिल्यांदाच कळते की आपला ग्राहक संगणकात एक नाही. आयटीवाल्यांना कळते की कारभाराच्या लेखी तो एकच असायला हवा.

मग चौथी रेषा, ‘अ‍ॅक्सेस’. ठिपक्यांचीच, पण बाण साधा. सिस्टिमकडून डेटाकडे बाण म्हणजे ती लिहिते, डेटाकडून सिस्टिमकडे म्हणजे ती वाचते, दोन्ही टोकांना म्हणजे दोन्ही करते. कॉल सेंटरमधून आलेला पत्ता सीआरएम आपल्या चौकटीत लिहिते. तिथून होम अँड अवेच्या पॉलिसी सिस्टिमकडे आणि मोटार विम्याच्या सिस्टिमकडे तुटक बाण जातात, त्यांवर लिहिलेले असते ‘बदललेला पत्ता’. कायदेशीर मदतीच्या सीआरएमकडे असा बाण नाही. पत्र चुकीच्या घरी का गेले, याचे उत्तर आकृतीतल्या या न काढलेल्या बाणात आहे.

पण न काढलेला बाण वाचायचा कसा? ‘इथे काही जात नाही’ असा त्याचा अर्थ, की ‘काढायचा राहिला’ असा? आकृतीच्या शीर्षकाशेजारी तिची हद्द लिहिलेली असेल तरच हे ठरते. ‘ग्राहकाच्या पत्त्याची देवाणघेवाण, सर्व सिस्टिम्स’ असे लिहिले असेल, तर रिकामी जागासुद्धा विधान असते. ‘ग्राहकसेवा, आढावा’ एवढेच लिहिले असेल, तर रिकाम्या जागेवरून काहीही सिद्ध होत नाही. अनुभवी माणसे नवी आकृती हातात आली की आधी चौकटी पाहत नाहीत, ही ओळ शोधतात.

एकाच कागदावर या चारही रेषा कोंबल्या तर काय होते, हे कोणत्याही कंपनीच्या भिंतीवर लावलेल्या ए-झीरो आकाराच्या छपाईत दिसते. शंभर चौकटी, तीनशे रेषा, आणि समोर उभे राहून कौतुक करणारे पाहुणे. असा कागद शोभेचा असतो, कामाचा नाही. म्हणून आर्किमेटमध्ये ‘व्ह्यूपॉइंट’ची सोय आहे. कोणासाठी, कोणत्या प्रश्नासाठी, ते आधी ठरवायचे आणि त्याला लागतील तेवढ्याच जातींच्या चौकटी-रेषा घ्यायच्या. अ‍ॅप्लिकेशन्सपुरते दोन प्रकार नेहमीचे. एकात सिस्टिम्स एकमेकींशी काय देवाणघेवाण करतात ते दिसते. तिथे तुटक बाणांचे राज्य. दुसऱ्यात कोणत्या कामाला कोणती सिस्टिम सेवा देते ते दिसते. तिथे अखंड बाण. कामकाजवाले आणि आयटीवाले यांनी एकच चित्र वाचावे, याचा अर्थ दोघांनी सदैव एकाच कागदाकडे पाहावे असा होत नाही. दोन्ही कागद एकाच मॉडेलमधून निघालेले असावेत, म्हणजे इकडची सीआरएम आणि तिकडची सीआरएम ही खरोखर एकच चौकट असावी.

आर्किशुअरन्सच्या पुढच्या पेचात हे उपयोगी पडते. कंपनीला शेवटी एकच सीआरएम आणि एकच बॅक ऑफिस हवे आहे, पण दोन्ही कामे एकाच वेळी हाती घ्यायला पुरेसे मनुष्यबळ नसण्याची शक्यता आहे. म्हणून वाटेत एक मुक्काम करावा लागेल. आधी दोन सीआरएमची एक करायची आणि बॅक ऑफिस तूर्त वेगळी ठेवायची, की उलट? प्रकाशित नमुन्यात हे दोन्ही मुक्काम पर्याय म्हणून मांडले आहेत. निर्णय आकृती घेत नाही. पण कायदेशीर मदतीची सीआरएम पुसली, तर कोणकोणत्या रेषा लोंबकळतात, हे ती दाखवते. आर्चीत एखाद्या चौकटीवर टिचकी मारून `Analysis` हा भाग उघडला की तिच्या सगळ्या रेषा आणि ती ज्या आकृत्यांत आहे त्यांची यादी समोर येते. वर अखंड बाण गेलेले असतील तेवढी कामे अडणार आणि तुटक बाण असतील तेवढे जोड पुन्हा बांधावे लागणार. खर्चाचा अंदाज या यादीतून आपोआप निघत नाही. दहा रेषांपैकी नऊ किरकोळ आणि एक महिनाभर रडवणारी असू शकते. मात्र अंदाज करायला बसलेल्या दोन्ही बाजूंच्या हातात यादी एकच असते.

चुका कुठे होतात? पहिली, सर्वांत मोहक चूक म्हणजे चौकटीत चौकट ठेवणे. मोठ्या चौकटीत तीन छोट्या ठेवल्या की चित्र नीटस दिसते. पण अर्थ काय? छोट्या या मोठीचे अविभाज्य भाग आहेत? एकत्र गोळा केल्या आहेत? की नुसत्या जागा होती म्हणून तिथे बसवल्या? आर्किमेटमध्ये या प्रत्येकासाठी वेगळे उत्तर आहे, पण चौकटीत चौकट बसवली की आतली रेषा कागदावर दिसेनाशी होते. काढणाऱ्याच्या मनात एक, वाचणाऱ्याच्या मनात दुसरे. पुन्हा फळ्यावरचा तोच बाण.

दुसरी चूक नावांची. चौकटीवर विकत घेतलेल्या उत्पादनाचे नाव लिहिले की आयटीवाले खूश होतात आणि काउंटरवरची माणसे गप्प बसतात, कारण त्यांच्या पडद्यावर ते नाव कधी आलेलेच नसते. एकाच सिस्टिमला खरेदी विभागात एक नाव, सर्व्हरखोलीत दुसरे आणि शाखेत तिसरे, हे नेहमीचेच. तीन माणसांनी तीन नावांनी तीन चौकटी काढल्या की मॉडेलमध्ये एका सिस्टिमच्या तीन सिस्टिम्स होतात आणि रेषा त्यांच्यात वाटल्या जातात. मग `Analysis` उघडूनही एक तृतीयांशच सत्य दिसते. ओळखायची खूण अशी: एखादी महत्त्वाची सिस्टिम फारच कमी रेषांवर उभी दिसली, तर तिची जुळी कुठेतरी दडलेली असते.

आणि काही गोष्टी या भाषेकडून मागूच नयेत. तुटक बाण पत्ता जातो एवढे सांगतो. तो तत्क्षणी जातो की रात्री दोन वाजता एकगठ्ठा, हे मुद्दाम रेषेवर लिहिल्याशिवाय कळत नाही. कामाच्या आतले टप्पे, फाटे, परत फिरणे यांसाठी बीपीएमएन ही वेगळी चित्रभाषा आहे, प्रोग्रॅमच्या पोटातली रचना दाखवायला यूएमएल. आर्किमेटमध्ये ते सगळे कोंबणारी मंडळी भेटतात आणि त्यांचे मॉडेल दोन महिन्यांत शिळे होते, कारण एवढा तपशील रोज बदलतो.

आकृती खरी आहे की नाही, हे तपासायची एक जुनी आणि स्वस्त रीत आहे: ती मोठ्याने वाचायची. आयटीतले एक आणि काउंटरवरचे एक अशी दोन माणसे बसवायची. एकाने रेषेवर बोट ठेवून पूर्ण वाक्य म्हणायचे, दुसऱ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘सीआरएम पत्ताबदलाच्या कामाला सेवा देते.’ हो. ‘सीआरएमकडून मोटार विम्याच्या सिस्टिमकडे बदललेला पत्ता जातो.’ हो. जे वाक्य जिभेवर अडते, तिथे रेषेची जात चुकलेली असते. वीस-पंचवीस रेषांची आकृती अर्ध्या तासात वाचून होते; त्याहून जास्त वेळ लागला तर कागद दोन करावेत.

अशा वाचनात हमखास निघते ती एक्सेलची फाइल. समजा, आर्किशुअरन्सच्या बैठकीत आयटीतला माणूस म्हणतो, ‘कायदेशीर मदतीच्या सीआरएमकडे पत्ता जातच नाही.’ समोरची कर्मचारी म्हणते, ‘जातो की! दर सोमवारी आम्ही बदललेल्या पत्त्यांची यादी काढतो आणि मेल करतो. तिकडच्या ताई त्या हाताने भरतात. गेल्या महिन्यात त्या रजेवर होत्या.’ त्या एका वाक्याने आकृतीत भर पडते. यादी नुसतीच इकडून तिकडे जात असेल, तर एक तुटक बाण आणि त्यावर ‘पत्त्यांची यादी, दर सोमवारी, ई-मेलने’. त्या फाइलमध्ये सूत्रे आणि मॅक्रो असतील आणि दुबार नावे तीच गाळत असेल, तर ती नुसती यादी राहत नाही. ती काम करते, म्हणजे कर्ता आहे, आणि तिला निळ्या मजल्यावर दहावी चौकट द्यावी लागते. आयटीतल्या माणसाला हे रुचत नाही. एक्सेलची फाइल सीआरएमच्या मापाची चौकट घेऊन पॉलिसी सिस्टिमशेजारी बसणार! पण कोपरे काटकोनी, रंग निळा, नाव ‘सोमवारची यादी’, आणि तिच्यापासून कायदेशीर मदतीच्या सीआरएमकडे जाणारा तुटक बाण, असे त्या दिवशी कागदावर उतरते. पुढचा प्रश्न कर्मचारीच विचारते: नवी एकत्र सीआरएम आली की ही चौकट कोण पुसणार?